शेगडीमागच्या टाइल्सच्या फटीतला चिकट थर

फोडणीचं तेल आणि धूळ मिळून टाइल्सच्या फटी काळपट, चिकट होतात. नुसत्या ओल्या फडक्याने तो थर फक्त पसरतो.

१. शेगडी गार झाल्यावर तीन चमचे खायचा सोडा, एक चमचा भांड्यांचं लिक्विड आणि थोडं कोमट पाणी कालवा. लेप घट्ट हवा, नाहीतर ओघळतो.
२. फटींत भरून पंधरा मिनिटं ठेवा. वाळू देऊ नका.
३. जुन्या टूथब्रशने फटीच्या दिशेने घासा, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा.

साध्या सिमेंटच्या फटीवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहिला, तर तेल अजून आहे. पुन्हा एक हात.

टॉयलेटचं अ‍ॅसिड मात्र नको, सिमेंट झिजून फट भुसभुशीत होते.