लपवलेली भाजी पकडली जाते, ती कशामुळे? या चुका टाळा

माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना मोजून पाच गोष्टी खायचा: डाळ-भात, पोळी, धिरडं, केळं आणि दूध. एके दिवशी मी धिरड्याच्या पिठात अर्धी वाटी पालक वाटून घातला. हिरवं धिरडं त्याने हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि ताटाबाहेर ठेवलं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण पुढचे जवळजवळ तीन आठवडे तो साध्या, पांढऱ्या धिरड्यालाही हात लावेना. भाजी पोटात गेली नाहीच, वर पाचातला एक पदार्थ हातचा गेला.

या वयाची मुलं पदार्थ आधी रूपाने ओळखतात. रंग बदलला की त्यांच्या लेखी तो पदार्थच वेगळा होतो. म्हणून पहिली चूक प्रमाणाची. सुरुवात एका चमचाभर पेस्टने करा, तोही चहाचा चमचा, आणि एकाच पदार्थात. तीन-चार दिवस तो पदार्थ नेहमीसारखा संपला तर दोन चमचे करा. नाकारला तर भाजी आठवडाभर बंद ठेवून पदार्थ साधाच द्या, नंतर अर्ध्या चमच्यावरून पुन्हा सुरू करा. आवडत्या पदार्थांपैकी एक तरी कधीच बदलू नका. आमच्याकडे भाताला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, त्यामुळे कुठलाही प्रयोग फसला तरी मूल उपाशी राहत नसे.

दुसरी चूक आठवड्याच्या मेनूत असते. सोमवारी गाजर, मंगळवारी पालक, बुधवारी बीट असा तक्ता कागदावर छान दिसतो, पण मुलाला रोज नवा धक्का बसतो. आठवड्याला दोनच भाज्या घ्या, आणि त्या पदार्थाच्या रंगात मिसळणाऱ्या. पिवळ्या डाळीत लाल भोपळा किंवा गाजर, पांढऱ्या धिरड्यात दुधी. मी बसवलेला आठवडा असा होता: सोमवार ते बुधवार डाळीत एक चमचा भोपळा, धिरडं साधं. गुरुवारी डाळ साधी आणि धिरड्यात एक चमचा दुधी. शुक्रवारी-शनिवारी डाळीत दोन चमचे भोपळा. रविवारी सगळं साधं. पोळीची पाळी पुढच्या आठवड्यात आली.

भोपळा पाण्यात उकडू नका, वाफवा. पेस्ट घट्ट राहते. ती गाळून घ्या, कारण एखादा धागा जिभेला लागला तरी पुढचा घास नकोसा होतो. पेस्टमध्ये पाणी असतंच, म्हणून पोळीची कणीक आधी पेस्टमध्येच मळा आणि पाणी लागेल तसं चमच्याने घाला. थोड्या वेळाने कणीक सैल पडली तर भाजीचं पाणी सुटलंय असं समजा, लगेच लाटा. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. भोपळ्यात आणि गाजरात साखर असते, त्यामुळे तवा तापला की डाग लवकर पडतात. मुलाने धिरडं परत केलं ते कित्येकदा चवीमुळे नव्हे, त्या तपकिरी डागांमुळे. आच मंद ठेवली आणि तक्रार थांबली. फ्लॉवर-कोबी मात्र जास्त शिजले की त्यांचा उग्र वास येतो, तो कशातच लपत नाही.

पालक घातला म्हणजे लोहाचा प्रश्न सुटला, असंही धरून चालू नका. पालकातलं लोह अंगी फार कमी लागतं. डाळीतलं लोह चांगलं लागावं म्हणून ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा. भांड्यात उकळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं जातं. भोपळ्या-गाजरातल्या अ जीवनसत्त्वासाठी चमचाभर तूप किंवा तेल हवं. आणि दूध मोजा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर जेवणाची भूक उरत नाही आणि लोहही कमी पडू लागतं.

शेवटची चूक म्हणजे भाजी फक्त लपवणं. ज्या भोपळ्याची पेस्ट डाळीत आहे, त्याचीच नखाएवढी मऊ फोड ताटाच्या कडेला दिसेल अशी ठेवा. खा म्हणू नका. एखादी भाजी ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. त्याने “यात काय आहे?” असं विचारलं तर खरं सांगा: “भोपळा आहे थोडा.” खोटं सांगितलं आणि पकडलं गेलं की पुढे प्रत्येक घास तपासला जातो. माझ्या मुलाने ती फोड पहिल्यांदा चाटली तेव्हा दुसरा महिना चालू होता. चाटून त्याने ती परत ठेवली, आणि मी काही बोलले नाही.

मात्र मूल आधी खात असलेले पदार्थही एकेक करून सोडत असेल, गुठळी लागताच दर वेळी उबळ येत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर पेस्टचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.