कर्म-पुनर्जन्मावरच्या निबंधाचं मध्यवर्ती विधान

पुण्यात बीएच्या तत्त्वज्ञानाच्या निबंधांत हे वाक्य नेहमी भेटतं: ‘जैन आणि बौद्ध दोघेही कर्म व पुनर्जन्म मानतात, पण त्यांत फरक आहेत.’ यावर कुणी वाद घालू शकत नाही, म्हणून ते निबंधाचं मध्यवर्ती विधान ठरत नाही. आधी दोन्ही परंपरांना एकच प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, नकळत पायाखाली किडा मेला तर कर्म लागतं का?

बौद्ध मतात चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. तर जैन मतात कर्म हे जीवाला चिकटणारं सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्य; म्हणून बेसावध हालचालही जीवाला बांधते. आता लिहा: ‘कर्म हेतू आहे की द्रव्य, या मतभेदामुळेच बौद्ध साधना मनाच्या शिस्तीवर, तर जैन साधना देहाच्या संयमावरही तितकाच भर देते.’ यातला ‘मुळेच’ निबंधाला सिद्ध करावा लागतो.

‘जैन हेतू मानत नाहीत’ असं मात्र लिहू नका. तिथे बंधाची तीव्रता आणि मुदत कषायांवर, म्हणजे क्रोध-लोभादींवर ठरते. मसुद्यात परंपरांची नावं अदलाबदल करून पाहा. वाक्य तरीही खरं वाटलं, तर ते अजून बोथट आहे.