उत्पादक-ग्राहकाचे पेट्री नेट: चार चिंचोके घेऊन एकेक पाऊल

कार्ल अ‍ॅडम पेट्री यांनी १९६२ च्या प्रबंधातून मांडलेली ही आकृती समजायला संगणक लागत नाही. कागद, पेन्सिल आणि टोकन म्हणून चार चिंचोके पुरतात.

आपला उत्पादक वस्तू बनवतो आणि दोनच जागा असलेल्या बफरमध्ये ठेवतो. ग्राहक ती उचलतो आणि वापरतो. आधी सहा गोल काढा, या प्लेस: उ१ (उत्पादक मोकळा), उ२ (वस्तू हातात तयार), भ (भरलेल्या जागा), रि (रिकाम्या जागा), ग१ (ग्राहक मोकळा), ग२ (वस्तू ग्राहकाच्या हातात). मग चार चौकोन काढा, ही ट्रान्झिशन. बाण असे जोडा:

```
बनव:  उ१      → उ२
ठेव:  उ२ + रि → उ१ + भ
उचल:  भ + ग१  → रि + ग२
वापर: ग२      → ग१
```

बाण गोलातून चौकोनात किंवा चौकोनातून गोलातच जातो. गोलातून थेट गोलात गेला असेल तर मधली क्रिया राहून गेली आहे.

आता उ१ मध्ये एक, रि मध्ये दोन आणि ग१ मध्ये एक चिंचोका ठेवा. ही सुरुवातीची मार्किंग. ज्या ट्रान्झिशनच्या प्रत्येक आत येणाऱ्या प्लेसमध्ये टोकन आहे, तेच फायर होऊ शकते. फायर करताना अशा प्रत्येक प्लेसमधून एक उचला आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्लेसमध्ये एक ठेवा. हे सगळे एकाच पावलात घडते, अर्धवट थांबायचे नाही.

```
         उ१ उ२ भ रि ग१ ग२
सुरुवात    1  0  0  2  1  0
बनव       0  1  0  2  1  0
ठेव       1  0  1  1  1  0
बनव       0  1  1  1  1  0
ठेव       1  0  2  0  1  0
बनव       0  1  2  0  1  0
उचल       0  1  1  1  0  1
```

पहिल्या ‘ठेव’नंतर ‘बनव’ आणि ‘उचल’ दोन्ही शक्य होती. आपण ‘बनव’ निवडले, पण आधी कोणते घ्यायचे हे नेट सांगत नाही. तुम्ही ‘उचल’ घेऊनही पाहा. सहाव्या ओळीवर मात्र जरा थांबा: उ२ मध्ये वस्तू तयार आहे, पण रि रिकामे आहे, म्हणून ‘ठेव’ अडले. उत्पादकाला थोपवणारे ते रि, आणि त्यासाठीच ते काढले. ते वगळलेत तर भ मधली टोकन हवी तितकी वाढत जातील.

दर पावलानंतर तीन बेरजा तपासा. उ१ आणि उ२ मिळून १, भ आणि रि मिळून २, ग१ आणि ग२ मिळून १ यायलाच हवेत. यावरून एकूण स्थिती २ × ३ × २ म्हणजे १२ निघतात, आणि या नेटमध्ये त्या सगळ्या गाठता येतात.

सर्वात जास्त विसरला जातो तो ‘उचल’पासून रि कडे परतणारा बाण. तो नसला तरी पहिली पाच पावले अगदी बरोबर दिसतात. ‘उचल’ होताच मात्र भ आणि रि यांची बेरीज २ वरून १ होते. तसेच पुढे जात राहिलात, तर ग्राहक दोन्ही वस्तू वापरून ग१ मध्ये थांबतो, उत्पादक तिसरी वस्तू घेऊन उ२ मध्ये अडकतो, आणि एकही ट्रान्झिशन फायर होत नाही. कागदावर तेव्हा दोनच चिंचोके उरलेले असतात.