दुकानाची वेबसाइट: दर बदलायचा झाला तर कुणाला फोन कराल?

चिपळूणमधलं कोकणी मेव्याचं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. आगळ, आंबापोळी, काजू, कुळीथ पीठ असे चाळीसेक जिन्नस आहेत. काजूचा दर किलोमागे ९०० वरून ९६० झाला, तर वेबसाइटवर तो कोण बदलणार? वेबसाइट कशी चालवायची, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरवा.

साध्या वेबसाइटचं प्रत्येक पान ही स्वतंत्र फाइल असते. काजूचा दर यादीत, काजूच्या पानावर आणि दिवाळीच्या ऑफरमध्ये असेल, तर तो तिन्ही ठिकाणी बदलावा लागतो, आणि त्यासाठी कोड समजणारा माणूस शोधावा लागतो. कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सीएमएस, मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवते. दर, वर्णन आणि फोटोंची माहिती डेटाबेसमध्ये, तर रंग आणि रचना थीममध्ये असते. गिऱ्हाईक पान उघडतं तेव्हा दोन्ही एकत्र येऊन पान तयार होतं. त्यामुळे दर एकदाच बदलावा लागतो आणि त्या नोंदीवर चालणाऱ्या सगळ्या पानांवर तो दिसतो. फक्त फोटोवर छापलेला किंवा वर्णनात हाताने लिहिलेला दर तसाच राहतो, म्हणून दर तिथे लिहूच नका.

पायरी १: काय बदलतं ते कागदावर लिहा. महिन्यातून एकदा तरी काय बदलतं ते पाहा. पत्ता, वेळ आणि फोन नंबर एवढंच दाखवायचं असेल, तर सीएमएस घेऊ नका. गुगलवरचं दुकानाचं प्रोफाइल आणि एक साधं पान पुरतं. दर, माल आणि ऑर्डरी सतत बदलत असतील तरच पुढे जा.

पायरी २: देखभाल कोण करणार ते ठरवा. सीएमएसपैकी वर्डप्रेस २००३ पासून आहे आणि मोफत आहे. ते स्वतः घेतलेल्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवरच्या जागेत, बसवता येतं आणि विक्रीसाठी त्याला वूकॉमर्स हे प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, लावता येतं. सगळं तुमच्या ताब्यात राहतं, पण अपडेट आणि बॅकअपही तुमच्याच अंगावर येतात. शॉपिफायसारख्या सेवेत दरमहा भाडं द्यावं लागतं, सर्व्हरची काळजी ती कंपनी घेते. मात्र भाडं थांबलं की दुकान बंद होतं, आणि मालाची यादी बाहेर काढता आली तरी दुकानाची मांडणी जशीच्या तशी दुसरीकडे नेता येत नाही. महिन्यातून तासभर लक्ष घालणारं माणूस घरात किंवा दुकानात नसेल, तर माझ्या मते भाड्याचाच मार्ग घ्यावा.

पायरी ३: चाव्या स्वतःकडे ठेवा. सर्वात मोठं नुकसान इथेच होतं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आणि होस्टिंग, या दोन्हींचं खातं दुकानदाराच्या ईमेलवर हवं. साइट बनवणारा त्यात काम करू शकतो, पण मालक तो नव्हे. वर्डप्रेसमध्ये `Settings → General` इथे `Administration Email Address` हा रकाना असतो, तिथे कुणाचा पत्ता आहे ते पाहा. एखादं प्लगिन बिघडून साइट बंद पडली, तर दुरुस्तीसाठी आत शिरण्याची लिंक वर्डप्रेस त्याच पत्त्यावर पाठवतं. तो पत्ता काम सोडून गेलेल्या माणसाचा असेल, तर ती लिंक तुमच्या हाती येणारच नाही. त्याच पानावर `Site Language` मध्ये मराठी निवडता येते. नोकराला ॲडमिनचा पासवर्ड देऊ नका. वूकॉमर्समध्ये `Shop manager` ही भूमिका आहे, तिच्यातून दर आणि ऑर्डरी सांभाळता येतात, प्लगिन बसवता येत नाहीत.

पायरी ४: शेवटचे पैसे देण्याआधी दर स्वतः बदला. आपल्याच मोबाइलवर लॉगिन करा. `Products` मध्ये काजू उघडा, `Regular price` मध्ये ९६० लिहा आणि `Update` दाबा. मग दुसऱ्या फोनवर, लॉगिन न करता, साइट पाहा. तिथे ९०० च दिसत असेल, तर बहुतेक कॅशमध्ये, म्हणजे पानांच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवलेलं जुनं पान समोर येतंय. कॅश कुठून रिकामा करायचा ते साइट बनवणाऱ्याकडून तिथेच समजून घ्या आणि पायऱ्या लिहून ठेवा. दर वाढवला आणि ऑर्डर जुन्या दराने आली, तर गिऱ्हाइकाशी वाद अटळ आहे.

पायरी ५: बॅकअप उघडून पाहा. वर्डप्रेसच्या बॅकअपमध्ये दोन गोष्टी हव्यात: डेटाबेस आणि `wp-content` हा फोल्डर. पहिल्यात दर आणि ऑर्डरी असतात, दुसऱ्यात फोटो, थीम आणि प्लगिनं. `Tools → Export` मधून मिळणारी फाइल म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे, कारण तिच्यात फोटोंच्या फाइली नसतात. बॅकअपची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवा आणि प्रत्येक अपडेटच्या आधी नवी घ्या. अपडेट झालं की एक खोटी ऑर्डर पैसे भरण्याच्या पानापर्यंत नेऊन पाहा. मुखपृष्ठ ठीक दिसत असतानाही बिघाड तिथे लपलेला असू शकतो.