सातवे षटक: पॉवरप्लेमध्ये जमलेला फलंदाज नेमका कुठे अडकतो

बेळगावच्या मैदानांवर लेदर बॉलचे टी-२० सामने खेळू लागलेल्या नव्या सलामीवीरांसाठी हे लिहीत आहे, कारण या एका चुकीने माझे दोन हंगाम खाल्ले.

पहिल्या सहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात, हे सर्वांना ठाऊक असते. गोलंदाज आणि यष्टिरक्षक सोडले, तर उरलेल्या नऊपैकी सात जण आत उभे असतात. त्यामुळे एकेरी धावा आटतात, पण त्यांच्या डोक्यावरून गेलेला चेंडू बहुधा मोकळ्या जागेत पडतो. या काळात चार चेंडू निर्धाव गेले तरी घाबरू नका. दोन चौकार बसले की षटकात आठ धावा झालेल्या असतात.

सातव्या षटकापासून पाच जणांना बाहेर ठेवता येते आणि आत चारच उरतात. नियम माहीत असूनही हातांना ते लगेच कळत नाही. एका सामन्यात सहा षटकांअखेर मी सोळा चेंडूंत सत्तावीस धावांवर होतो आणि त्यांतले तीन चौकार मिड-ऑफच्या डोक्यावरून मारलेले होते. सातव्या षटकात ऑफ-स्पिनर आला, त्याने पहिलाच चेंडू उंच आणि संथ टाकला, मी तोच फटका तितक्याच चांगल्या रीतीने मारला आणि तो सीमारेषेच्या अलीकडे लाँग-ऑफच्या हातात अलगद पडला. माझ्या फटक्यात काहीच चुकले नव्हते. त्याच्या टप्प्यावर आता माणूस उभा होता, एवढाच फरक होता. शिवाय मंद चेंडूवर लांबीसाठी लागणारा वेग फलंदाजालाच द्यावा लागतो.

आमच्या एका प्रशिक्षकांचा सल्ला होता, ‘लय तोडू नकोस, मारत राहा.’ असा सल्ला सोपा वाटतो, पण तो देणाऱ्यांपासून चार हात दूरच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. षटकार मारण्याच्या चित्रफिती पाहूनही ही अडचण सुटत नाही.

सहावे षटक संपताच क्रीझबाहेर या आणि मागे कोण गेले ते मोजा. मिड-ऑफ लाँग-ऑफला गेला असेल, तर तिकडे हलक्या हाताने ढकललेला चेंडूही एक धाव देतो. डीप मिडविकेट आणि डीप स्क्वेअर लेग यांच्यामधल्या जागेत चेंडू जमिनीलगत वळवला, तर दोन धावा निघतात. पाच एकेरी आणि एक दुहेरी मिळून सात धावा होतात, म्हणजे पॉवरप्लेतल्या त्या चांगल्या षटकापेक्षा फक्त एक कमी.

मात्र यासाठी हाक स्पष्ट हवी. माझा जोडीदार कन्नड बोलणारा होता; मी ‘थांब’ म्हणेपर्यंत तो निम्म्या खेळपट्टीवर आलेला असे. पुढे आम्ही ‘बा’ आणि ‘बेडा’ एवढे दोनच शब्द ठरवले आणि सातव्या षटकातले आमचे धावबाद थांबले.