पाळीच्या दुखण्यावर गोळी: कधी, किती आणि कुणी घेऊ नये

अगदी सहन होईनासं झालं की मगच गोळी घ्यायची, असं घरोघरी सांगितलं जातं. पाळीच्या दुखण्यात मात्र हा सल्ला महाग पडतो. पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि त्यांच्यामुळे गर्भाशय आवळून कळा येतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही रसायनं तयार होणंच कमी करतं. आधीच तयार झालेल्यांवर त्याचा फारसा जोर चालत नाही. म्हणून कळ सुरू होताच किंवा रक्तस्राव दिसताच पहिली गोळी घ्या.

समजा, सकाळी सातला पाळी आली आणि घरात आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत. आधी पोळी, पोहे, निदान दूध-बिस्किटं खा, मग एक गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या. तासाभरात उतार पडायला हवा. गरज असेल तर दुसरी दुपारी तीनला आणि तिसरी रात्री अकराला, दोन्ही वेळा काहीतरी खाऊनच. चोवीस तासांत झाले १२०० मिलिग्रॅम. डॉक्टरांना न विचारता प्रौढ व्यक्तीने याच्या पुढे जाऊ नये. बहुतेकींना असे दोन-तीन दिवस पुरतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती दोन गोळ्या एकत्र घेण्यात. मेडिकलमधून आणलेल्या पाळीच्या गोळीत बहुधा मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं, घरातल्या अंगदुखीच्या गोळीत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. नावं वेगळी असली तरी जात एकच, आणि पोटावरचा, मूत्रपिंडावरचा भार दुप्पट. पाकिटाच्या मागे घटकांची नावं छापलेली असतात, ती दर वेळी वाचा.

प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आतल्या आवरणाचंही रक्षण करतात. त्यामुळे अल्सर असेल, पूर्वी पोटात रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर या गोळ्या घेऊ नका. गोळ्या चालू असताना शौच डांबरासारखी काळी झाली किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली, तर तडक रुग्णालय गाठा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तरीही या गोळ्या नकोत. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच टिकवून धरतात. म्हणून पाळीत उलट्या-जुलाब होत असतील किंवा निर्जळी उपवास असेल, तर धडधाकट मुलीनेही गोळी टाळावी. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. अशा गोळ्यांनी पूर्वी दम लागला असेल, डेंग्यूची शंका असेल किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तरीही त्या नकोत.

अशा बहुतेकींसाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम हा पर्याय उरतो, दोन गोळ्यांत किमान सहा तास ठेवून. कळांवर ते थोडं कमी पडतं, पण पोट सांभाळतं. यकृताचा आजार असेल तर तेही विचारूनच घ्या.

मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये इशारा दिला होता: क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं ही लक्षणं गोळी घेतल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात. ती दिसली तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

वेळेवर, पूर्ण मात्रेत घेऊनही दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर मात्रा वाढवू नका. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो त्या एंडोमेट्रिओसिससारखं कारण आहे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.