दिवाळीत गिऱ्हाइकांना आभाराचं पत्र पाठवताय? मग या चुका टाळा

माझं डीटीपीचं दुकान आहे. दसरा झाला की आजूबाजूचे किराणावाले, गिरणीवाले, मेडिकलवाले एकेक करून येतात, "गिऱ्हाइकांना द्यायला चिठ्ठी करून दे, आभार पण टाक आणि सुट्टी पण टाक." दरवर्षी त्याच त्याच चुका येतात आणि त्यातल्या एक-दोन अशा असतात की गिऱ्हाईक बंद शटरसमोर पिशवी घेऊन उभं राहतं. म्हणून सविस्तर लिहितोय. उदाहरण किराणा दुकानाचंच घेतो, कारण फराळाच्या सामानामुळे सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारीख न लिहिता सणाचं नाव लिहिणं. "लक्ष्मीपूजनाला दुकान दुपारपर्यंत" असं लिहून मोकळे होतात. आता 2025 ची दिवाळी आठवा. अमावस्या 20 ऑक्टोबरला दुपारी लागली आणि 21 ला संध्याकाळी संपली, त्यामुळे उत्तरेकडे बहुतेकांनी 20 ला लक्ष्मीपूजन केलं आणि आपल्याकडे कॅलेंडरात 21 होतं, सरकारी सुट्टीही 21 चीच. 2024 ला पण हेच झालं होतं, 31 ऑक्टोबर की 1 नोव्हेंबर. एकाच सोसायटीत मराठी, मारवाडी, युपीवाले सगळे राहतात, मग तुमचं "लक्ष्मीपूजन" कोणी कुठल्या दिवशी धरायचं? तारीख, वार आणि सण तिन्ही लिहा. वार लिहिण्याचा अजून एक फायदा, तारीख टाइप करताना चुकली तर वारावरून लगेच कळतं.

याच्याच जोडीची चूक म्हणजे "23 ते 25 बंद" किंवा "25 पर्यंत बंद". 25 ला उघडं की 26 ला? निम्मे लोक एक धरतात, निम्मे दुसरं. बंदच्या तारखा लिहा आणि खाली "शनिवार 25 ऑक्टोबर, सकाळी 8 वाजता दुकान उघडेल" असं स्वतंत्र वाक्य टाका. गिऱ्हाइकाला खरं तर तेवढंच लक्षात ठेवायचं असतं. आणि नुसतं "12 पर्यंत" कधीच लिहू नका, दिवाळीच्या आठवड्यात काही दुकानं रात्री 12 पर्यंत खरंच चालू असतात. दुपारी 12 की रात्री 12, स्पष्ट लिहा.

पूजेच्या दिवसाचं एक खास आहे. संध्याकाळी तुम्ही वहीपूजन करता, शटर वर असतं, लाइट लावलेले असतात, समोर रांगोळी असते. बाहेरून बघणाऱ्याला दुकान चालू वाटतं. मग कोणीतरी अर्धा किलो साखर मागायला येतं आणि तुम्हाला नाही म्हणायला लागतं, ते पण भरल्या सणाला. म्हणून "संध्याकाळी पूजा आहे, तीर्थप्रसादाला जरूर या, विक्री बंद राहील" असं आधीच लिहून टाका. बोलावणं पण होतं आणि गैरसमज पण राहत नाही.

होम डिलिव्हरीची वेळ वेगळी लिहायची हे तर जवळजवळ सगळेच विसरतात. दुकान चालू असतं पण पोरगा गावी गेलेला असतो, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी फोन करून वाट बघत बसतात. शेवटची ऑर्डर कधीपर्यंत घेणार आणि परत कधी सुरू होणार, या दोन्ही गोष्टी पाहिजेत.

आता आभाराकडे वळू. "आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत" हे वाक्य पाणीकपातीच्या नोटिशीत पण चालतं, म्हणून त्यातून तुमच्या गिऱ्हाइकापर्यंत काहीच पोचत नाही. या वर्षी खरोखर काय झालं ते आठवा. दुकानासमोर ड्रेनेजसाठी खोदलं होतं तरी लोक फळीवरून येत राहिले? तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा नवखा होता आणि लोकांनी सांभाळून घेतलं? तेवढी एकच गोष्ट दोन ओळीत लिहा, बास. वाचणारा म्हणतो, अरे हो, आपण गेलो होतो की.

आणि कृपा करून त्याच पत्रात उधारीचा विषय काढू नका. "जुनी बाकी दिवाळीपूर्वी जमा करावी" ही ओळ मला दर दोन-तीन पत्रांमागे एकदा तरी येते. वही पूजेला ठेवायची म्हणून हिशोब मिटवायचा असतो हे मला समजतं, पण ज्याची एक रुपया बाकी नाही तो पण ती ओळ वाचतो आणि आभाराचं पत्र त्याच्यासाठी तगादा होऊन जातं. बाकी असलेल्यांना वेगळा फोन करा, आठ-दहा दिवस आधी, गोडीत.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेलंय तिथे "दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा" असा रंगीत मेसेज जाऊ नये, एवढं तरी बघा. तुमचं गिऱ्हाईक नेहमीचं आहे म्हणजे तुम्हाला ते माहीतच असतं. त्यांना साधं "काकू, दुकान या या दिवशी बंद आहे, काही लागलं तर आधी कळवा" एवढंच पाठवा.

पत्र पोचत नाही किंवा वाचता येत नाही, याचीही कारणं ठरलेली आहेत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपला टाकला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, त्यामुळे डीटीपीवाल्याला युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा. ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवलं आणि निम्म्यांना मिळालंच नाही, तर त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, कारण ब्रॉडकास्ट सेव्ह असेल तरच जातो. पण म्हणून सगळ्यांना एका ग्रुपमध्येही टाकू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि बायकांना त्याचा खूप त्रास होतो. त्यापेक्षा छापील चिठ्ठी वसुबारसेच्या आठवडाभर आधीपासून सामानाच्या पिशवीत टाका, फराळाचं सामान न्यायला सगळे तेव्हाच येतात. स्टेटस 24 तासात जातं, त्याच्यावर अवलंबून राहू नका. फुलापणत्यांच्या डिझाइनमध्ये वेळा बारीक अक्षरात घालू नका, वेळा नुसत्या टेक्स्टमध्ये पाठवा.

2025 च्या तारखा धरून एक नमुना देतो, दुकानाच्या वेळा तुमच्या टाका:

"नमस्कार मंडळी,
या पावसाळ्यात दुकानासमोरचा रस्ता खोदलेला होता, तरी तुम्ही चिखलातून आलात, सामान आमच्याकडूनच नेलंत. मनापासून आभार. तुम्हाला सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.
शुक्रवार 17 ते सोमवार 20 ऑक्टोबर: सकाळी 8 ते रात्री 10, दुपारी पण चालू.
मंगळवार 21, लक्ष्मीपूजन: सकाळी 8 ते दुपारी 3. संध्याकाळी 6 नंतर पूजेला, तीर्थप्रसादाला जरूर या, विक्री बंद राहील.
बुधवार 22, पाडवा: सकाळी 9 ते दुपारी 1.
गुरुवार 23, भाऊबीज आणि शुक्रवार 24: बंद.
शनिवार 25 ला सकाळी 8 वाजता दुकान उघडेल.
घरपोच सामानाची शेवटची ऑर्डर सोमवार 20, दुपारी 2 पर्यंत. परत सोमवार 27 पासून सुरू."

खाली दुकानाचं नाव आणि लोक तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव. "प्रोप्रायटर" लिहायची काही गरज नाही.

पाठवण्याआधी घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, "भाऊबीजेला संध्याकाळी दूध पावडर लागली तर काय करशील?" उत्तर लगेच आलं नाही तर वेळा परत लिहा. मग त्याच वेळा गुगल मॅपवर विशेष तासांमध्ये टाका, शटरवर कागद लावा, आणि बिझनेस व्हॉट्सॲपला अवे मेसेज लावणार असाल तर सुरू आणि बंद व्हायची वेळ दोन्ही सेट करा, नाहीतर दुकान उघडल्यावरही "आम्ही सुट्टीवर आहोत" असं उत्तर जात राहतं.